चैतूचा माइक आणि माझी दहा मिनिटं

चैतू,

हे पत्र तुला पोचेल असं वाटत नाही. तुझ्या गावात टपाल येतं तेव्हा येतं, आणि आलं तरी तू माझं अक्षर बघून म्हणशील, "बाई, हे तं डॉक्टरच्या चिठ्ठीवानी हाय, बोलूनच सांगा ना." बोलून सांगायला मी चारदा फोन लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला, तेव्हा मी तुझ्या धानाची चौकशी केली, रीनाच्या परीक्षेची केली आणि ठेवून दिला. म्हणून लिहिते आहे.

तू अजून समजतोस की त्या दिवशी चूक तुझ्या हातून झाली. ती तुझी नव्हती. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल शाईने चुका दाखवल्या, स्वतःची दाखवायला मात्र हात उचलेना.

पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना तू कोण ते ठाऊक नाही. त्यांना आधी सांगते. तू जरा बस.

चैतू पोटावी हा वायरमन. घर चामोर्शी तालुक्यात, घोटच्या पुढे जंगलात, मरकागुडा नावाच्या बावीस घरांच्या गावात. पण वर्षातले आठ महिने तो ऊर्जानगरला, वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली. लग्नसराईत गावोगाव भोंगे आणि माइक लावायचा, त्यामुळे आवाजाचं काम त्याच्या बोटांत होतं. वय बेचाळीस. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. शर्टाच्या खिशात टेस्टर, आणि कानावर बिडी. ती मी कधी पेटलेली पाहिली नाही. "सोडली बाई," म्हणायचा. "मग कानावर कशाला?" मी विचारायची. "तिले वाटू नये मी इसरलो म्हणून."

मी चंद्रपूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला लागले. नुसत्या फोनवर वाचलं की आवाज डब्यातून आल्यासारखा, आणि गल्लीतला प्रत्येक हॉर्न त्यात. म्हणून भाच्याने एक ऑडिओ इंटरफेस आणून दिला. तळहाताएवढी डबी. तिला एका बाजूने चांगला माइक जोडायचा, दुसऱ्या बाजूने यूएसबीची वायर फोनला. माइकचा आवाज डबीतच आकड्यांत बदलतो आणि तसा फोनमध्ये जातो. फोनच्या स्वतःच्या टिचभर माइकला कोणी विचारत नाही. मधल्या गोल बटणाने आवाज किती घ्यायचा ते ठरवायचं. हिरवा दिवा लागला तर ठीक, लाल लागला तर आवाज फाटला.

सगळं छान, फक्त मागे सतत एक 'घूंऽऽ'. चार दिवस मी डोकं आपटलं. मग मीटर बदलायला आलेल्या चैतूला बोलावलं. त्याने हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि फोनचा चार्जर उपटला. घूं बंद.

"चार्जर बोलून राह्यला, बाई. तुमच्या घराले अर्थिंग नावालेच हाय."

"मी फिजिक्स शिकवते, मला कळलं नसतं का?"

"कळलं असतं ना. पण तुमी उपटून नाई पाह्यलं."

डबी फोनची बॅटरी खाते, आणि चार्जर लावावा तर घूं. यावर इलाजही त्यानेच काढला. डबीला मागच्या बाजूला विजेचं वेगळं भोक होतं. त्यात त्याने पॉवर बँक लावली. डबीचं जेवण पॉवर बँकेतून, फोनकडे फक्त आवाज. हा त्याचा इलाज लक्षात ठेवा. पुढे तोच नडला.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी तो यायचा. माझं वाचन चालू असलं की बाहेर पायरीवर बसून ऐकायचा. एकदा मी प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा वाचून बाहेर आले तर म्हणाला, "बाई, असा माह्या मायचा आवाज घेता येईन का?"

त्याची माय बुधरी. वय तिलाच माहीत नव्हतं. पोटाव्यांच्या घराण्याचा पाटा, म्हणजे गाणं, आता तिच्या एकटीच्या तोंडी होता. मरकागुड्यात माणूस गेलं की वर्षाच्या आत, धान कापून झाल्यावर, त्याच्या नावाने दगड उभा करतात. नदीतून उभट दगड खांद्यावर आणतात आणि आधीच्या दगडांच्या रांगेत रोवतात. रोवताना पाटा म्हणायचा. घराण्यात कोण कुठून आलं, कोणाच्या पोटी कोण, कोणत्या नाल्याला उतरले, एकेक नाव घेत शेवटी नव्या मेलेल्याचं नाव त्यात जोडायचं. ते जोडलं की पाटा मिटला. पुढचा दगड येईपर्यंत त्यातला शब्द तोंडातून काढायचा नाही, शिकवायलासुद्धा नाही. शिकायचं कसं, तर दगड रोवताना गाणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. एका बसण्यात येत नाही. बुधरी सात दगडांना बसली तेव्हा तिला आला. शेजारच्या गावात रीत वेगळी असेल. या गावात ही होती.

आणि चैतू एकाही दगडाला बसला नव्हता. दगड रोवायचे दिवस आणि वीज केंद्रातल्या मोठ्या दुरुस्तीचे दिवस एकच पडत. काकाच्या दगडाच्या वेळी कोणीतरी साध्या फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते त्याने मला ऐकवलं. ढोलाचा ठोका पडला की फोन आपला आवाज आपणच खाली ओढायचा, आणि तो वर येईपर्यंत पुढचा ठोका. मधे बुधरी बुडत्या माणसासारखी वर यायची आणि खाली जायची. एकही नाव धड नाही.

मग त्याचा बाप झाडू पोटावी गेला. दगड ठरला फाल्गुनात. बुधरीला तोवर धाप लागायला लागली होती. चैतू माझ्याकडे आला तेव्हा कानावर बिडीसुद्धा नव्हती.

"बाई, हा एकच दगड हाय. याच्यानंतर तिचाच."

त्याला काय हवं होतं ते सरळ होतं. आवाज स्वच्छ मिळाला तर तो आणि आश्रमशाळेत शिकणारी त्याची लेक रीना, दोघं शंभरदा ऐकणार. बुधरीने परवानगी दिली होती: "बोलाले मनाई हाय, ऐकाले नाई." आणि तिच्या दगडाच्या वेळी तो स्वतः गाणार. नाहीतर बुधरीला दगड नाही. पाट्याशिवाय दगड रोवत नाहीत.

त्याचा फोन जुना, डबीला ओळखतच नव्हता. मी माझा दिला, डबी दिली, आणि स्वतःही गेले. गुडघे दुखत असताना घोटपर्यंत बसने आणि पुढे त्याच्या मोटरसायकलवर.

आता माझी चूक. माझ्या फोनला बाहेरची वस्तू जोडायची तर सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' चालू करावं लागतं. आणि दहा मिनिटं ती वस्तू वापरली नाही की फोन ते आपोआप बंद करतो. तसं त्या बटणाखाली बारीक अक्षरात लिहिलेलंच आहे. मी ते वाचलं होतं. वर्षभर रोज सकाळी ते बटण दाबत होते. दाबायचं आणि लगेच वाचायला लागायचं, त्यामुळे दहा मिनिटं कधी रिकामी गेलीच नाहीत. चैतूला दाखवताना मी म्हटलं, "हे चालू कर, मग दिसेल." ते आपोआप बंदही होतं, हे सांगितलं नाही. लपवलं नाही. घाई होती. मला नेहमीच घाई असते.

दगडाच्या दिवशी सकाळी आठला त्याने सगळं मांडलं. पाटा आधी म्हणता येत नाही, मग आवाजाची पातळी कशी लावायची? त्याने बुधरीसमोर माइक धरला.

"माय, मले शिव्या दे."

"आता काय केलं तू?"

"काई नाई. दे ना. जोरात दे."

"बाईले आणतो आन् तिच्यासमोर शिव्या खातो! तुह्या बापानं तुले बैल म्हणून वाढवला, आन् तू बैलापक्षा…" पुढचं लिहिण्यासारखं नाही. आयाबाया पोट धरून हसल्या. डबीवर लाल दिवा लागला, चैतूने गोल बटण जरा मागे फिरवलं, हिरवा झाला. त्याने ते शिव्यांचं रेकॉर्डिंग करून मला ऐकवलं. बुधरीचा श्वास, दातांतली फट, मागे कोंबडा. सगळं सुटं सुटं. काचेसारखं. मी म्हटलं, "बस्स, झालं."

म्हातारी गंभीर झाली. "तुह्या डब्यात मी आली का?"

"आली, माय."

"मंग निघू देजो नको."

मग दगड यायला हवा होता, आणि तो येईना. नदीकडून निघाला होता, पण वाटेत 'बसला'. खांदेकऱ्यांना दगड एकाएकी जड लागला की म्हणतात मेलेला बसला, त्याला काहीतरी हवंय. खाली ठेवायचा, विचारायचं, मोहाच्या दारूची धार द्यायची, थांबायचं. झाडूभाऊ तीनदा बसले. पाऊण तास गेला.

मग ढोल ऐकू आले आणि एकदम धावपळ झाली. गावातल्या जाणत्यांची एकच अट होती: दगडासमोर फोन दिसता कामा नये. माइक चालेल, भोंग्याचा असतो तसाच तो, पण फोन नको. म्हणून फोन दुपट्ट्यात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवायचा आणि पिशवी बुधरीमागच्या खुंट्याला अडकवायची, असं ठरलं होतं. चैतूने फोन हातात घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं. पडद्यावर आवाजाची पट्टी नाचत होती. तो थबकला.

"बाई, अजून एकडाव थांबवून ऐकून पाहू का?"

मी खाटेवर बसले होते. माझ्या गुडघ्यात कळा येत होत्या, ऊन चढलं होतं, जाणते डोळे वटारून बघत होते. मी म्हटलं, "अरे, कितीदा तपासशील? सकाळी झालं ना? पट्टी हलतेय ना? ठेव तो."

त्याने ठेवला. माझं ऐकलं, कारण मी बाई.

पट्टी हलत होती ती फोनच्या स्वतःच्या माइकवर. ओटीजी केव्हाच बंद पडलं होतं. डबी दिसेना म्हटल्यावर फोनने निमूट आपला टिचभर माइक उघडला, आणि तो दुपट्ट्यात गुंडाळला गेला.

आणि चैतूला ते कळण्याचा काही मार्गच नव्हता. डबीत एक सोय असते: माइकचा आवाज फोनकडे जाण्याआधीच थेट हेडफोनात घेता येतो, म्हणजे स्वतःचं बोलणं मागाहून ऐकू येत नाही. ती सोय चालू होती. डबीला वीज फोनकडून नव्हती, पॉवर बँकेतून होती. फोनने तोंड फिरवलं तरी डबी जिवंत. हिरवा दिवा लागत होता, हेडफोनात बुधरी स्वच्छ येत होती. सत्तेचाळीस मिनिटं तो तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, डोळे मिटून, पहिल्यांदा आणि शेवटचं, पाटा ऐकत बसला. इतका सुखी माणूस मी फार थोडा पाहिला आहे. जगात त्या स्वच्छ आवाजाला दोनच कान होते, आणि तो आवाज कुठेच जमा होत नव्हता.

झाडू पोटाव्याचं नाव जोडलं गेलं. पाटा मिटला. दगड उभा राहिला.

दुपारी जेवणं चालू असताना त्याने फोन काढला. मी पत्रावळीवर जेवत होते. तो फणसाखाली उभा राहून ऐकू लागला. आधी हेडफोन दाबून धरला. मग वायर काढून पुन्हा खोचली. मग फोनच कानाला लावला. मी वरणाचा घास हातात धरून बघत होते, आणि मला कळलं. त्याच्या आधी कळलं, हे खरं आहे. त्या दहा मिनिटांची ओळ माझ्या डोळ्यांसमोर छापल्यासारखी उभी राहिली.

"बाई," तो जवळ येऊन म्हणाला, "मी काईतरी चुकलो."

मी ऐकलं. ढोल, ढोल, दुपट्ट्याची खसखस. आणि त्यामागे, भिंतीपलीकडे कोणी दळत बसावं तशी, बुधरी. सूर कळत होता. नाव एकही नाही.

"कोनतं तरी बटण माह्याकून रायलं," तो म्हणाला.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "होतं असं."

होतं असं! पस्तीस वर्षांची नोकरी आणि हे वाक्य.

तो मायकडे गेला. बुधरी भिंतीला टेकून धापा टाकत होती. त्याने तिच्या पायाशी बसून गोंडीत काहीतरी सांगितलं. ती, मला कळावं म्हणून असेल, मराठीत म्हणाली, "मेलेल्याले दोनदा पोचवत नाईत, बाबू. तो गेला. आता बोलाव्याचा नाई." मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. शिव्या तं राहिल्या ना तुह्यापाशी?"

राहिल्या. बावीस सेकंद, काचेसारख्या.

पाटा पुन्हा म्हणायला जाणत्यांनीही नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबर होतं. रीत मोडून मिळवलेलं गाणं त्याने पुढे कोणत्या तोंडाने गायचं? चैतूने आग्रहसुद्धा केला नाही. मला मोटरसायकलवर घोटला सोडलं. बस येईपर्यंत उन्हात उभा राहिला. बस आल्यावर खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. माझ्याच फोनमधलं मेमरी कार्ड.

"बाई, तुमी डोळे तपासाले नागपूरले जाता ना. तिथी आवाज साफ करून देणारे असते म्हणते, स्टुडिओवाले. ढोल काढून टाकते, मानूस ठेवते. एवढं त्याहिले दाखवजा. मायचा दगड येईपावतर भेटलं तरी चालते."

मी म्हटलं, "दाखवते."

बुधरी भादव्यात गेली.

आता तुझ्याशीच बोलते, चैतू.

ढोल काढून टाकायची यंत्रं आहेत, हे खरं. पण जो शब्द त्या माइकपर्यंत पोचलाच नाही, तो ती कुठून काढणार? कापडाने गिळलेली व्यंजनं परत येत नाहीत. सूर वर आणतील, नावं नाही आणणार. हे मी तुला घोटच्या स्टँडवर सांगू शकले असते. पण ते सांगितलं की तू विचारलं असतंस, 'मंग माइक बंद कसा झाला?' आणि तू बिनचूक विचारतोस. चार्जर उपटून पाहणारा माणूस तू.

तरी कोण जाणे. मी फिजिक्सवाली, स्टुडिओवाली नाही. माझा अंदाज चुकला असता. एखाद्याने दहा नावं काढून दिली असती, पाच दिली असती. रीनाने त्या पाचांवर घर बांधलं असतं. दाखवायला काय जात होतं? मी तेवढंही उपटून नाही पाहिलं.

माघात तुझा फोन आला. रेंज तुटत होती. "बाई, काई निघालं का? दगड आणाचा हाय." मी म्हटलं, "दिलंय रे, वेळ लागतो त्याला." तू म्हणालास, "हो, बारीक काम हाय, घाई नोका करू." घाई नका करू, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल, तर ते तू, आणि त्या दिवशी.

आता चैत्र लागला. चंद्रपूरच्या बाजारात तुझ्या गावची बाई भेटली, मोहफुलं विकत होती. तिने सांगितलं, बुधरीचा दगड तुम्ही नदीतून आणलात. तो वाटेत एकदाही बसला नाही, हलका आला. रांगेपाशी आणून ठेवलाय. आडवा. तू ऊर्जानगरचं काम सोडलंस, आणि संध्याकाळी त्याच्यापाशी जाऊन बसतोस, असंही म्हणाली. पुढे तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाव किलो मोहफुलं घेतली आणि निघाले. त्यांचं काय करायचं ते मला येत नाही.

गेल्या वर्षभरात मी तीनदा नागपूरला गेले. कार्ड तीनही वेळा बरोबर होतं, चष्म्याच्या घरात, तुझ्याच पुडीत. डॉक्टरांकडून निघून रिक्षात बसायचे, 'स्टुडिओ' म्हणायला तोंड उघडायचे आणि 'बस स्टँड' म्हणायचे. तिसऱ्या वेळी तर पत्ता विचारून ठेवला होता.

कार्ड अजून तिथेच आहे. पुडीचा कागद घडीवर फाटला, म्हणून परवा बदलला.